काळी पँट की नेव्ही ब्लू? बोलणाऱ्या रंगओळख अ‍ॅपचं एक प्रकरण

प्रश्न एका पँटचा होता. आमच्या रंग सांगणाऱ्या अ‍ॅपची पहिली आवृत्ती मी ज्या एका सहकाऱ्यांना वापरायला दिली, ते जन्मापासून पाहू शकत नाहीत. त्यांच्याकडे एकाच शिलाईच्या, एकाच कापडाच्या दोन पँट होत्या. एक काळी, एक नेव्ही ब्लू. ओळखीसाठी एकीच्या आतल्या शिवणीत दोऱ्याची गाठ मारलेली होती, ती धुण्यात सुटली. हाताला दोन्ही अगदी सारख्या. असं अ‍ॅप हवं कशाला, याचं याहून सरळ उत्तर मला सुचत नाही.

त्यांनी एकच पँट तीन वेळा तपासली. सकाळी खिडकीशी अ‍ॅप म्हणालं, "गडद निळा". संध्याकाळी दिव्याखाली म्हणालं, "काळा". मग आणखी खात्रीसाठी त्यांनी फोन कापडाच्या अगदी जवळ धरला, तेव्हा उत्तर आलं, "करडा". तिन्ही उत्तरं एकाच ठाम आवाजात. ते मला म्हणाले, "चुकलं तर चुकू दे. पण ते चुकतंय हे मला कळायचं कसं? तुम्ही नजर टाकून ताडून बघता, मी कशाशी ताडून बघू?"

पुढचं सगळं काम या वाक्याभोवती फिरलं. मी तोवर अचूकता वाढवायच्या मागे होते. अ‍ॅपला स्वतःच्या उत्तराबद्दल किती खात्री आहे हे त्याला कळलं पाहिजे आणि ते त्यानं बोलून दाखवलं पाहिजे, ही गरज माझ्या यादीतच नव्हती.

कॅमेरा मोजत नाही, चित्र सुधारतो

पहिली आवृत्ती साधी होती. कॅमेऱ्याच्या चित्रातला मधला चौकोन घ्यायचा, त्यातल्या सगळ्या पिक्सेलची सरासरी काढायची आणि नावांच्या यादीतलं सर्वांत जवळचं नाव बोलायचं. यादीही मी तयार उचलली होती, वेबपानांसाठी ठरलेली सुमारे १४० रंगनावांची.

यात पहिली चूक अशी की फोनचा कॅमेरा रंग मोजण्यासाठी बनवलेलाच नाही. तो बघणाऱ्याला आवडेल असं चित्र बनवतो. त्यासाठी दोन गोष्टी तो आपोआप करतो. पहिली म्हणजे उजेडाची भरपाई: चित्र एकूणात मध्यम उजळ दिसावं म्हणून तो प्रकाश जास्त किंवा कमी वेळ आत घेतो. समोर फक्त काळं कापड असेल तर ते उजळवतो, फक्त पांढरा कागद असेल तर तो मंदावतो, आणि दोन्ही करड्याच्या दिशेनं सरकतात. दुसरी म्हणजे पांढऱ्याचा समतोल, ज्याला कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स म्हणतात. दिव्याचा पिवळेपणा काढून टाकण्यासाठी कॅमेरा अंदाज बांधतो की समोरच्या दृश्यातले सगळे रंग एकत्र केले तर साधारण करडा निघेल. खोलीभर दृश्यासाठी हा अंदाज बरा चालतो. पण चौकट भरून एकच निळं कापड असेल, तर कॅमेऱ्याला तो निळेपणा दिव्याचाच वाटतो आणि तो इमानेइतबारे पुसून टाकला जातो.

म्हणजे आमच्या सहकाऱ्यांनी खात्री करण्यासाठी फोन जवळ नेला आणि नेमकं त्यामुळेच उत्तर बिघडलं. डोळस माणूस चुकूनही असं करणार नाही, कारण त्याला पडद्यावर रंग फिका पडताना दिसतो. ज्याला पडदा दिसत नाही त्याच्यासाठी जवळ जाणं हीच नैसर्गिक कृती आहे.

हा दोष तुमच्या फोनवर आहे का, हे तपासायला एक गडद लाल कापड पुरतं. आधी ते दृश्याच्या एका कोपऱ्यात येईल असं धरा, मग हळूहळू जवळ नेऊन चौकट भरून टाका. कापडाच्या पिक्सेलचे आकडे सरकत गेले तर समजा की कॅमेरा रंग बदलतोय, कापड नाही.

उपाय म्हणजे हे दोन्ही आपोआप चालणारे भाग बंद करणं. अँड्रॉइडवर `CONTROL_AE_MODE` आणि `CONTROL_AWB_MODE` दोन्ही `OFF` करून प्रकाशवेळ, संवेदनशीलता आणि लाल-हिरव्या-निळ्याचे गुणक आपण स्वतः द्यायचे. आयफोनवरही हे गुणक पक्के करता येतात. पण अँड्रॉइडच्या काही फोनमध्ये कॅमेऱ्याचा दर्जा `LEGACY` असतो आणि तिथे हा हाती ताबा मिळत नाही. अशा फोनवर अ‍ॅपनं सुरुवातीलाच सांगावं की इथे फक्त ढोबळ रंग कळतील. आम्ही तसं केलं. गप्प राहून वाईट उत्तरं देत राहण्यापेक्षा ते बरं.

खिडकी आणि दिवा

कॅमेरा बांधून टाकल्यावर "करडा" गेला, पण सकाळ-संध्याकाळचा फरक राहिलाच. तो समजायला आकड्यांत उतरावं लागतं, म्हणून याच दोन पँटचं उदाहरण घेते.

नेव्ही ब्लू कापड पडलेल्या उजेडातला फारच थोडा परत पाठवतं. आमच्या पँटच्या बाबतीत लाल सुमारे २ टक्के, हिरवा २.२ टक्के आणि निळा ३.८ टक्के. काळं कापड तिन्ही साधारण २.५ टक्के. चित्राच्या नेहमीच्या ० ते २५५ या मापात नेव्ही म्हणजे (३९, ४१, ५५) आणि काळा म्हणजे (४४, ४४, ४५). उजळपणात दोघांत जवळपास फरक नाही. सगळा भेद निळ्याच्या दहा अंकांत आहे.

रंगांमधलं अंतर डोळ्याला जाणवतं तसं मोजण्यासाठी १९७६ सालची सीआयई-लॅब ही पद्धत वापरतात. तिच्यात L* म्हणजे उजळपणा, a* म्हणजे हिरव्याकडून लालकडे आणि b* म्हणजे निळ्याकडून पिवळ्याकडे. आमच्या नेव्हीचा b* सुमारे −९ येतो, काळ्याचा शून्याच्या आसपास. आता संध्याकाळचा दिवा लावा. पिवळट दिव्यात निळा उजेड मुळातच कमी असतो. अ‍ॅपनं दिवसाचा उजेड धरलाय आणि प्रत्यक्षात निळा ३० टक्के कमी पडतोय, असं समजू. नेव्हीचे आकडे होतात (३९, ४१, ४५) आणि b* येतो −३ वर. ही पँट आता बहुतेक काळी आहे. खऱ्या पिवळट बल्बखाली निळ्याची तूट याहूनही मोठी असते.

म्हणजे संध्याकाळचं "काळा" हे उत्तर गणिताप्रमाणे बरोबरच होतं. चुकला होता तो उजेडाबद्दलचा अंदाज. कापडाचा रंग आणि त्यावर पडणारा उजेड यांचा गुणाकार कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो, आणि एका गुणाकारावरून दोन्ही संख्या शोधता येत नाहीत. डोळस माणसाचा मेंदू आजूबाजूच्या भिंती, कागद, स्वतःचा हात यांवरून उजेड ताडतो. आमच्या चौकटीत कापडाशिवाय दुसरं काही नव्हतंच.

मग उजेड आपला आणायचा. रंग सांगणारी जी वेगळी हातातली उपकरणं मिळतात, त्यांचं तोंड कापडावर टेकतं, बाहेरचा उजेड अडतो आणि आतला दिवा कायम तोच असतो. त्यांचं अर्धं यश या झाकणात आहे. फोन कापडावर टेकवला तर कॅमेरा आणि टॉर्च दोन्ही झाकले जातात, म्हणून आम्ही झाकणाऐवजी वजाबाकी वापरली. टॉर्च बंद ठेवून एक चित्र, लगेच टॉर्च लावून दुसरं, आणि दुसऱ्यातून पहिलं वजा. खोलीतला दिवा दोन्ही चित्रांत सारखाच आहे, तो जातो. उरतो फक्त टॉर्चचा परतलेला उजेड.

```
d = lin(frame_on) - lin(frame_off)
rgb = d / white_ref
```

इथे `lin` महत्त्वाचं आहे. चित्रातले ० ते २५५ हे आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात, ते वक्र मापात दाबलेले असतात. ते आधी सरळ मापात आणल्याशिवाय वजाबाकी किंवा सरासरी केली तर गडद रंग हमखास बिघडतात. जिथे मिळेल तिथे आम्ही सेन्सरचा कच्चा डेटा घेतला. `white_ref` म्हणजे त्याच अंतरावरून, त्याच टॉर्चखाली अशीच वजाबाकी करून एकदा घेतलेलं साध्या पांढऱ्या कागदाचं वाचन. त्या विशिष्ट फोनचा टॉर्च किती निळसर आहे आणि त्याचा सेन्सर कोणत्या रंगाला जास्त दाद देतो, हे दोन्ही त्यात येऊन जातं. कच्च्या डेटात सेन्सर अंधारातही शून्याच्या थोडा वर आकडा देतो. तो चुकीचा धरला तर गडद कापडाचं वाचन पार वाकडं होतं, पण वजाबाकीत तोही आपोआप निघून जातो. ही सोय आम्ही ठरवून केली नव्हती, पण काळ्या-निळ्याच्या भांडणात ती फार उपयोगी पडली.

एक खाचखळगा मात्र सांगायलाच हवा. विजेवरचे बरेचसे दिवे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात. प्रकाशवेळ या लुकलुकण्याशी जुळली नाही तर दोन चित्रांतला खोलीचा उजेड सारखा राहत नाही आणि वजाबाकीत त्याचे पट्टे उरतात. ५० हर्ट्झच्या विजेला प्रकाशवेळ १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवली की ते थांबतं.

कव्हर आणि मूठ

टॉर्चनं संध्याकाळचा प्रश्न सुटला असं वाटलं, आणि मग सहकाऱ्यांच्या फोनवर नेव्ही पुन्हा काळ्याकडे सरकू लागली. माझ्या फोनवर तसं होत नव्हतं. दोन दिवस मी कोडमध्ये चूक शोधत होते. चूक त्यांच्या फोनच्या पारदर्शक कव्हरमध्ये होती. टॉर्चचा उजेड कव्हरच्या कडेतून आतल्या आत पसरून थेट लेन्समध्ये शिरत होता.

हा उजेड पांढरा असतो आणि तिन्ही रंगांत सारखाच मिसळतो. फिक्या रंगाला त्याचं काही वाटत नाही, पण २ टक्के परत पाठवणाऱ्या कापडात ३ टक्के पांढरा मिसळला तर नेव्हीचा L* १७ वरून २७ वर जातो आणि b* −९ वरून −६ वर येतो. कापड एकाच वेळी उजळ आणि कमी निळं दिसू लागतं. ओळखायची खूण सोपी आहे: अंधाऱ्या खोलीत फोन मोकळ्या जागेकडे रोखा, टॉर्च लावा. समोर काहीच नसताना चित्र काळंच आलं पाहिजे. आता अ‍ॅप पहिल्या वापराला हीच चाचणी बोलून करवून घेतं आणि उजेड गळत असेल तर कव्हर काढायला सांगतं.

यापेक्षा चिवट अडचण अंतराची. टॉर्च लहान आहे, त्यामुळे अंतर वाढलं की उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. १० सेंटीमीटरचे १४ झाले की उजेड जवळपास निम्मा. L* ९६ असलेला पांढरा कागद ७३ वर येतो, आणि अ‍ॅप त्याला फिकट करडा म्हणतं. तिन्ही रंगांचं आपसातलं प्रमाण टिकतं, म्हणून लाल लालच राहतो. पण पांढरा की करडा, नारिंगी की तपकिरी, हे प्रश्न सगळे उजळपणाचे आहेत. तपकिरी म्हणजे गडद नारिंगीच. फोन दुप्पट लांब गेला तर उजेड एक चतुर्थांश होतो आणि नारिंगी कापड सहज तपकिरी ठरतं.

कॅमेऱ्याच्या फोकसवरून अंतर काढून पाहिलं, पण साध्या कापडावर फोकसला धरायला काही सापडत नाही आणि काही फोन ते अंतर नीट मोजून देतच नाहीत. शेवटी उपाय सहकाऱ्यांनीच दाखवला. त्यांनी कापडावर मूठ आडवी ठेवली, अंगठा वर उभा केला आणि फोनची कड अंगठ्याच्या टोकावर टेकवली. प्रत्येकाची मूठ वेगळी, पण एका माणसाची मूठ दर वेळी तीच. म्हणून पांढऱ्या कागदाचं वाचनही त्याच मुठीवरून घ्यायचं ठरवलं, आणि अंतर किती आहे हे कळायची गरजच उरली नाही. चित्र धूसर आलं तरी बिघडत नाही. रंगाच्या सरासरीला धूसरपणा उलट मदतच करतो.

बोलायचं काय

मोजणी सुधारल्यावर यादीकडे वळलो. १४० नावांची यादी टाकून दिली. तिच्यातली नावं पडद्यासाठी जमवलेली आहेत, काही ठिकाणी दाटीवाटीनं आणि काही ठिकाणी विरळ, त्यामुळे वाचन एका अंकानं हललं की नाव बदलतं. बर्लिन आणि के यांनी १९६९ साली अनेक भाषांच्या अभ्यासातून ११ मूळ रंगसंज्ञांचा संच मांडला. आम्ही तेवढेच घेतले: काळा, पांढरा, करडा, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, गुलाबी, तपकिरी. त्यांना फक्त "गडद", "फिकट" आणि "-सर" जोडता येतं. जन्मापासून न पाहणाऱ्या माणसाला रंगाचं नाव लोकांशी बोलताना लागतं, आणि लोक बहुतेक वेळा याच शब्दांत बोलतात.

खात्री कशी बोलायची हे ठरवायला आम्ही एकच कापड मुठीवरून वीस वेळा मोजलं. b* दीड-दोन अंकांनी इकडेतिकडे होत होता. मग रंगाची तीव्रता, म्हणजे a* आणि b* मिळून शून्यापासूनचं अंतर, घेऊन गडद रंगांसाठी तीन पट्टे केले. ४ पेक्षा कमी असेल तर "काळा". ७ पेक्षा जास्त असेल तर "गडद निळा", किंवा जो असेल तो. मधल्या पट्ट्यात अ‍ॅप म्हणतं, "गडद. काळा की निळा, नक्की नाही." पट्ट्याची रुंदी त्या डगमगीतून आली आहे. जास्त डगमगणाऱ्या फोनवर ती वाढवावी लागते.

कधी कधी उत्तर देऊच नये. भर उन्हात टॉर्चचा उजेड बाहेरच्या उजेडापुढे इतका क्षीण पडतो की दोन चित्रांचा फरक हात हलल्यानंही तेवढा होतो. तिथे अ‍ॅप सावलीत यायला सांगतं. चकचकीत कापडावर टॉर्चचा डाग परततो. चौकोनातले काही पिक्सेल कमाल मर्यादेला भिडले की ते आधी वगळायचे आणि उरलेले फार थोडे असतील तर फोन थोडा तिरपा धरायला सांगायचं. नक्षीदार कापडाची सरासरी तर सरळ खोटंच बोलते. लाल-हिरव्या बारीक पट्ट्यांचा मिळून जो मातकट तपकिरी निघतो तो त्या कापडावर कुठेच नसतो. म्हणून चौकोनात रंगांचे दोन ठळक गट दिसले तर अ‍ॅप सरासरी न काढता दोन्ही नावं सांगतं.

काही मर्यादा मात्र कोडनं हलत नाहीत. सेन्सरचे तीन रंग-फिल्टर आणि डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशी यांची संवेदना सारखी नसते. त्यामुळे डोळ्याला एकसारखे दिसणारे दोन रंग कॅमेऱ्याला वेगळे दिसू शकतात आणि उलटही घडतं. शिवाय फोनच्या पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा उंच सुळका असतो, लगेच पुढे एक दरी असते आणि खोल लाल उजेड तोकडा असतो. जांभळट निळे आणि खोल लाल रंग त्यामुळे थोडे चुकतातच. विजेच्या तारा किंवा औषधाच्या गोळ्या ओळखण्यासाठी हे अ‍ॅप वापरू नका, असं आम्ही पहिल्याच वापरात बोलून सांगतो. या मर्यादा माहीत असताना गप्प बसणं मला जमलं नसतं.

ताडून बघायला दुसरं कापड

सहकाऱ्यांच्या त्या पहिल्या वाक्यात "ताडून बघणं" होतं, आणि त्यातूनच शेवटची सोय निघाली. त्यांना पँटचा रंग मुळात कळायला नकोच होता. दोन पँटमधली निळी कोणती, एवढंच हवं होतं. एकाच मुठीवरून, लागोपाठ, दोन्ही कापडं मोजली तर टॉर्चचा वाकडेपणा, सेन्सरचा वाकडेपणा आणि कव्हरमधून गळणारा उजेड हे सगळं दोघांवर सारखंच असतं. नाव चुकलं तरी फरकाची दिशा बहुधा बरोबर येते. तुलनेच्या या पद्धतीत अ‍ॅप म्हणतं, "दोन्ही गडद. दुसरं पहिल्यापेक्षा निळसर." दोन वाचनांमधला फरक डगमगीच्या आत असेल, तर "फरक सांगता येत नाही" म्हणतं.

दोन्ही पँट त्यांनी दिव्याखाली तपासल्या, उलटसुलट क्रमानं, चार वेळा. चारही वेळा तीच पँट निळसर निघाली. तिच्या शिवणीत त्यांनी पुन्हा गाठ मारली, यावेळी दुहेरी.

मग कपाटातून एक तिसरी काढली, बरीच जुनी, काळी म्हणून घेतलेली. तीव्रता पाचच्या आसपास आली आणि अ‍ॅप म्हणालं, "गडद. काळा की निळा, नक्की नाही." ती आम्ही तीन डोळस माणसांना दाखवली. दोघं काळी म्हणाले, एक जण उडालेली नेव्ही म्हणाला. सहकाऱ्यांनी ती पँट घडी करून वेगळी ठेवली.